ताशी दोनशे अठरा रुपये? आधी तास मोजून घेऊ

"मी २६ वर्षांची, सांगलीत राहते. बी.कॉम. झालंय. एका ट्रेडिंग फर्ममध्ये अकाउंट्स बघते, पगार १८,००० रुपये. टॅली आणि एक्सेल रोजचंच आहे. डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकून एमआयएस किंवा अ‍ॅनालिस्टची नोकरी बघायची आहे. एका ऑनलाइन कोर्सची फी ४८,००० अधिक जीएसटी आहे, सहा महिने, एकूण २२० तास. ताशी २१८ रुपयेच पडतात, असं त्यांचे समुपदेशक सांगतात. महिना ४,७२० रुपयांचा बिनव्याजी हप्ता आहे, आणि ही सवलत रविवारपर्यंतच आहे. भाऊ म्हणतो, हे सगळं फुकट मिळतं. पण फुकटचं मी दोनदा सुरू करून सोडलंय. काय करू? माहितीपत्रकातला तासांचा तक्ता सोबत पाठवतेय."
— एक वाचक, सांगली

तक्ता पाठवलात हे फार बरं केलंत. त्याच्याशिवाय माझं उत्तर नुसतं मत झालं असतं. आता आपल्याला हिशेब करता येईल, आणि हिशेब हे तर तुमचं रोजचं काम.

फीला तासांनी भागून दर काढण्याची पद्धत चुकीची नाही, मीही तीच वापरतो. फक्त वर कोणती रक्कम घ्यायची आणि खाली कोणते तास घ्यायचे, हे तुम्ही ठरवायचं. विकणाऱ्याने ठरवलं की दर नेहमीच स्वस्त निघतो.

आधी वरची रक्कम. ४८,००० वर १८ टक्के जीएसटी ८,६४० रुपये, म्हणजे ५६,६४०. तुमच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात हप्त्यासाठी १,००० रुपये प्रक्रिया शुल्क लिहिलंय. त्यावरही जीएसटी लागतो, म्हणजे १,१८० झाले. तुमच्या खिशातून एकूण ५७,८२० रुपये जाणार आहेत. त्याला २२० ने भागलं तर ताशी २६३ रुपये येतात. खालच्या तासांना अजून हातही लावलेला नाही, तेवढ्यात दर २१८ वरून इथवर आला.

आता तास. तक्त्यात ९६ तास रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आहेत, दर शनिवारी दोन तास याप्रमाणे २६ आठवड्यांचे ५२ तास लाइव्ह वर्ग आहेत, ६० तास 'प्रकल्प' आहेत आणि १२ तास मुलाखतीची तयारी आहे. बेरीज बरोबर २२०. प्रकल्पाचे ६० तास म्हणजे काय ते नीट वाचा: 'विद्यार्थ्याने स्वतः करावयाचे काम'. तुम्ही रात्री जेवण आटोपून लॅपटॉपवर बसणार, त्या वेळेचे पैसे तुम्हीच त्यांना देणार, असा त्याचा अर्थ होतो. प्रकल्प महत्त्वाचा आहे, तो करायलाच हवा, पण त्या तासांत ते तुम्हाला काही देत नाहीत. (प्रकल्प तपासून लेखी अभिप्राय देत असतील तर ती वेगळी गोष्ट, तिच्याकडे पुढे येतो.) हे ६० काढले की १६० उरतात आणि दर ३६१ होतो.

९६ तासांच्या व्हिडिओंत २२ तास एक्सेलचे आहेत. पिव्होट टेबल आणि व्हीलूकअप तुम्ही रोज वापरता, असं पत्रावरून दिसतं. येणाऱ्या गोष्टीसाठी पैसे मोजायचं कारण नाही. ते काढले की १३८ तास आणि ताशी ४१९ रुपये.

उरलेल्या ७४ तासांची वाटणी अशी आहे: पायथॉन ३०, एसक्यूएल १८, पॉवर बीआय १६ आणि संख्याशास्त्र १०. तुमच्या भावाचं म्हणणं इथे लागू पडतं. पण 'सगळं फुकट मिळतं' एवढ्या बोलण्यावर विसंबू नका. प्रत्येक विषयासमोर एक ठरावीक मोफत साधन लिहिता आलं, तरच तो विषय वजा करायचा. मी तुमच्यासाठी ते करून बघितलं.

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, तिच्यासाठी एसक्यूएलबोल्ट नावाचं संकेतस्थळ आहे. ब्राउझरमध्येच छोटा धडा वाचायचा आणि खाली लगेच क्वेरी लिहायची. काही उतरवून घ्यावं लागत नाही, नोंदणीही नाही. जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, आणि नल, म्हणजे रिकाम्या नोंदी हाताळणं, दोन्ही त्यात आहे. कॅगलवरचा एसक्यूएलचा मोफत अभ्यासक्रमही चांगला आहे, पण तो गूगलच्या बिगक्वेरी या डेटाबेसवर आणि पायथॉनच्या आतून चालतो. पायथॉन अजिबात येत नसताना तिथून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी माणूस गोंधळतो आणि आपल्याला हे जमणार नाही असं समजून सोडून देतो. म्हणून तो नंतर करा.

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड बनवायच्या साधनासाठी मायक्रोसॉफ्ट लर्नवर कंपनीचेच मोफत धडे आहेत, आणि पॉवर बीआय डेस्कटॉप हे सॉफ्टवेअरही मोफत उतरवता येतं. दोन अडचणी आधीच माहीत असू द्या. ते फक्त विंडोजवर चालतं. आणि तयार केलेला रिपोर्ट ऑनलाइन प्रकाशित करायला ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. तुम्हाला रिपोर्ट दाखवायचा असेल तर डेस्कटॉपमधूनच पीडीएफ काढा, मुलाखतीपुरतं ते पुरतं.

पायथॉनसाठी कॅगलवर 'पायथॉन' आणि 'पांडाज' हे दोन छोटे अभ्यासक्रम आहेत. कॅगल त्यांचा वेळ अनुक्रमे पाच आणि चार तास सांगतं. नवख्या माणसाला दुप्पट लागेल असं धरा, तरी अठरा तास. तुमच्या कोर्समध्ये याच विषयाचे ३० तास आहेत. ताशी दराचा हिशेब इथेच फसवतो. लांबण लावून तास वाढवले की दर खाली येतो आणि कोर्स स्वस्त दिसतो, पण तुमचा वेळ मात्र जास्त जातो. दोन कोर्समध्ये ताशी दर कमी असलेला निवडायचा हा नियम म्हणून मी पाळत नाही. मी आधी निरुपयोगी तास काढतो आणि मग उरलेल्यांचा दर बघतो.

पायथॉनबद्दल आणखी एक सांगतो. एमआयएसच्या, म्हणजे कंपनीचे अहवाल बनवण्याच्या, पहिल्या नोकरीत त्याची गरज सगळ्यात कमी पडते. तिथे एक्सेल, पॉवर क्वेरी, एसक्यूएल आणि एक बरा डॅशबोर्ड एवढ्यावर बरेच महिने काम चालतं. तुमच्या तक्त्यात मात्र सगळ्यात जास्त तास पायथॉनलाच दिलेत. संख्याशास्त्राचे दहा तास खान अकॅडमीवर आरामात भागतात. सरासरी, मध्यक, टक्केवारी आणि नमुना कसा घेतात, एवढं तुम्हाला सुरुवातीला पुरे आहे.

इंग्रजी व्याख्यानं ऐकताना अडत असेल तर एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावरच्या बऱ्याच अभ्यासक्रमांचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे, ते आधी बघा. भाषेची अडचण हे पैसे देऊन शिकण्याचं योग्य कारण असू शकतं, पण तुमच्या पत्रात तशी तक्रार नाही.

तर हे ७४ तास वजा झाले. उरले लाइव्ह वर्गाचे ५२ आणि मुलाखतीचे १२, मिळून ६४. सत्तावन्न हजार आठशे वीस भागिले चौसष्ट, ताशी ९०३ रुपये.

लाइव्ह तासांचंही थोडं उकलून बघू. समुपदेशकांना विचारा, एका बॅचमध्ये किती जण असतात? समजा दीडशे आहेत. दोन तासांची मिनिटं १२०, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. असा वर्ग हा ठरावीक वेळी लागणारा व्हिडिओच असतो. मागच्या बॅचच्या एका शनिवारचं पूर्ण रेकॉर्डिंग मागा आणि घड्याळ लावून बघा: शिकवणारा किती वेळ एकटाच बोलतो, आणि विद्यार्थ्यांच्या शंकांना किती वेळ मिळतो? समजा अर्धा तास मिळाला. मग २६ शनिवारांत शंकांचे १३ तास झाले. मुलाखतीचे १२ मिळवले की २५. आता दर ताशी २,३१३ रुपये. समुपदेशकांनी सांगितलेल्या आकड्याच्या दहापटीहून जास्त. कुठेही खोटं बोललं गेलेलं नाही, फक्त तास कशाचे आहेत हे सांगितलेलं नाही.

रेकॉर्डिंग द्यायला नकार मिळाला तर तोही तुमच्या निर्णयाला पुरेसा आधार आहे.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात खरा वाटलेला मुद्दा: फुकटचं तुम्ही दोनदा सोडलंत. भाऊ हे विचारात घेत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या आकडेवारीचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ साली नोंदणी करणाऱ्या सगळ्यांमध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणारे साधारण तीन टक्के होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र ते प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरल्यामुळेच सगळे टिकले असं यातून सिद्ध होत नाही, कारण ज्यांचा निश्चय पक्का असतो तेच पैसे भरतात. पण खिशातून काही गेलं आणि समोर तारीख असली की माणूस बसतो, हे खोटं नाही. तेव्हा तुमची गरज खरी आहे. प्रश्न एवढाच की ती भागवायला ५७,८२० रुपये लागतात का.

नाही लागत. एनपीटेलचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैच्या सत्रात सुरू होतात. व्याख्यानं मोफत असतात, दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि तिला शेवटची तारीख असते. शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. परीक्षा ऐच्छिक आहे, तिची फी १,००० रुपये (भरण्याआधी त्या सत्राची फी तपासा). साधारणपणे अंतिम गुणांत असाइनमेंटचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के असतो, आणि दोन्हींत किमान गुण मिळवावे लागतात. म्हणजे शेवटच्या आठवड्यात घोकून भागत नाही. पायथॉनच्या ओळखीसाठी आयआयटी रोपडचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथॉन' हा त्यातला प्रसिद्ध अभ्यासक्रम. तुमची सवय मोडण्याचं काम हजार रुपये आणि एक तारीख यांनी होतं की नाही, ते एका सत्रात कळेल.

मोफत मार्ग पूर्ण फुकट असतो असंही मी म्हणणार नाही. त्यात वेळ वाया जातो: काय आधी शिकायचं ते शोधण्यात, जुने व्हिडिओ बघण्यात, एखाद्या चुकीवर तास-दीड तास अडकण्यात. त्याचीही किंमत धरू. तुमचा पगार १८,०००. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे आठ तास धरले तर २०८ तास, म्हणजे तासाला सुमारे ८७ रुपये. नोकरीनंतरचा थकलेला तास जास्त मोलाचा, म्हणून तो दुप्पट धरू, १७५. मोफत मार्गात तुमचे तब्बल ६० तास वाया गेले असं मानलं, तरी त्यांची किंमत १०,५०० होते. परीक्षेचे हजार मिळवा, ११,५००. याच्यावर, आपला प्रकल्प एखाद्या काम करणाऱ्या अ‍ॅनालिस्टकडून तपासून घ्यायला तुम्ही ताशी हजार रुपये देऊन दहा तास घेतले तरी २१,५००. तोही पूर्ण खर्च करावा लागेल असं नाही, पण सगळं महागात धरूनही तो कोर्सच्या निम्म्याच्या आत राहतो.

आणि पैसे मोजण्यासारखी गोष्ट नेमकी हीच आहे: तुमच्या स्वतःच्या कामावर दुसऱ्या माणसाने टाकलेली नजर. मी एमआयएसच्या जागांसाठी मुलाखती घेतल्या आहेत. प्रमाणपत्र मी क्वचितच नीट वाचतो. उमेदवाराला दोन टेबलं दाखवतो आणि विचारतो, मागच्या वर्षी माल घेतलेल्या कोणत्या पार्ट्यांनी या वर्षी काहीच घेतलेलं नाही? उत्तर एवढंच असतं:

```sql
SELECT DISTINCT a.party_name
FROM sales_2324 a
LEFT JOIN sales_2425 b ON a.party_id = b.party_id
WHERE b.party_id IS NULL;
```

ज्याला शेवटची ओळ का लागते हे स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, त्याला जॉइन समजलेला असतो. नुसते व्हिडिओ बघितलेले उमेदवार लेफ्ट जॉइनची व्याख्या पाठ म्हणतात, पण नल इथे कुठून आला हे विचारलं की थांबतात. हा फरक तास वाढवून येत नाही, चुकीची क्वेरी लिहून आणि कुणीतरी ती दुरुस्त करून दिल्यावर येतो.

म्हणून माझं उत्तर असं: रविवारी पैसे भरू नका. पुढचे दोन आठवडे रोज एक तास एसक्यूएलबोल्ट करा. त्याच काळात ऑफिसच्या परवानगीने टॅलीतून दोन वर्षांचं सेल्स रजिस्टर एक्सेलमध्ये काढा, पार्ट्यांची नावं बदलून 'पार्टी १', 'पार्टी २' अशी करा (हे विसरू नका, मालकाचा डेटा मुलाखतीत दाखवायचा नसतो), आणि वरचाच प्रश्न आधी एक्सेलमध्ये, मग पॉवर बीआयमध्ये सोडवा. हे तुमच्या हातचं काम असल्यामुळे उत्तर बरोबर आलं की चूक, ते तुम्हाला लगेच कळेल. कोर्समधल्या परदेशी दुकानाच्या तयार डेटावर ते कळत नाही.

दोन आठवड्यांनी तीनपैकी एक चित्र दिसेल. काम पुढे सरकलं असेल तर तुम्हाला कोर्सची गरज नाही, एनपीटेलच्या सत्राला नाव घाला आणि पुढे चला. बसलात, प्रयत्न केला, पण ठरावीक जागी अडकत राहिलात, तर तुम्हाला शिक्षक हवा. मग कोर्सचा विचार जरूर करा, पण लहान बॅचचा आणि प्रकल्प तपासून देणारा. अशा कोर्सला मी ताशी हजार रुपयेसुद्धा महाग म्हणणार नाही. आणि बसलाच नाहीत, तर या कोर्सनेही तुम्ही बसाल याची खात्री मला वाटत नाही, कारण त्यातले ९६ तास याच प्रकारचे एकट्याने बघायचे व्हिडिओ आहेत.

लहान बॅचचा कोर्स बघताना दोनच गोष्टी ईमेलवर लेखी मागा. एक, बॅचची कमाल संख्या. दोन, मागच्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पावर दिलेल्या अभिप्रायाचा नमुना, नाव झाकून. अभिप्रायात 'छान, असंच चालू ठेवा' असेल तर त्याची किंमत शून्य. 'तेराव्या ओळीत जॉइन चुकल्यामुळे विक्री दुप्पट धरली गेली आहे' अशा जातीचं काही असेल तर तिथे खरोखर कुणीतरी बसून वाचतंय. 'नोकरीची हमी' लिहिली असेल तर तिच्या अटी मागून घ्या. किती हजेरी लागते, किती पगाराची आणि कुठल्या गावातली नोकरी नाकारली की हमी संपते, हे तिथे लिहिलेलं असतं.

हप्त्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. बिनव्याजी हप्ता म्हणजे बहुतेक वेळा व्याज फीतच मिसळलेलं असतं. पडताळा सोपा आहे: एकरकमी भरले तर किती, असं विचारा. पाच-सहा हजारांनी आकडा खाली आला तर ते व्याज होतं. दुसरं म्हणजे हे कर्ज कोर्सवाल्यांचं नसतं, वित्तकंपनीचं असतं. दोन महिन्यांनी कोर्स आवडला नाही म्हणून तुम्ही वर्ग बंद केलात तरी ४,७२० रुपयांचा हप्ता बँकेतून कापला जातच राहतो, आणि थांबवला तर सिबिलवर डाग पडतो. तुमच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त रक्कम आहे ही, वर्षभर. फी परत करण्याच्या अटींत 'कर्ज रद्द करून देण्याची जबाबदारी कोर्सची' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

आणि हे उत्तर पोहोचेपर्यंत सही झाली असेल, तर कर्जासोबत आलेलं मुख्य तथ्यांचं विवरणपत्र आजच उघडा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार त्यात कर्ज मागे घेण्याची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं (प्रक्रिया शुल्क मात्र कापलं जाऊ शकतं). मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून कोर्सवाल्यांना आणि वित्तकंपनीला दोघांनाही एकाच दिवशी ईमेल पाठवा. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवाच. कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.